गुरुजींच्या निरोपाच्या भाषणातून छोटी पोस्ट कशी करावी?

प्रश्न: आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेचे गुरुजी रिटायर झाले. निरोपाच्या कार्यक्रमात ते पंचवीस मिनिटं बोलले, सगळं मोबाईलमध्ये रेकॉर्ड आहे. गावच्या ग्रुपवर टाकायला छोटी पोस्ट करायची आहे, पण त्यांचं एक तरी वाक्य लोकांच्या लक्षात राहावं असं वाटतं. कसं करू?

उत्तर:

पंचवीस मिनिटं म्हणजे सहज अडीच हजार शब्द झाले. त्यांचा सारांश करायला बसू नका. सारांश केला की सगळ्या गुरुजींचं भाषण एकसारखंच होतं: गावानं प्रेम दिलं, सहकाऱ्यांनी साथ दिली, चुकलं असेल तर माफ करा. आधी वाक्य शोधा. पोस्ट त्या वाक्यासाठी लिहायची, भाषणासाठी नाही.

वाक्य शेवटी सापडेल असं समजून लोक शेवटची पाच मिनिटं ऐकतात. तिथं बहुतेक आभार असतात, नाहीतर एखादी ओवी किंवा कविता. ती कितीही गोड म्हटली असली तरी ती गुरुजींची नाही, दुसऱ्या कोणाची तरी आहे. ती त्यांच्या नावावर फिरली तर त्यांनाच अवघडल्यासारखं होतं. खरं वाक्य मधेच कुठंतरी, बोलता बोलता निघून गेलेलं असतं. रेकॉर्डिंग ऐकताना गुरुजी कागद सोडून बोलायला लागतात ती जागा पकडा. आवाज खाली येतो, प्रमाण भाषा सुटते, वऱ्हाडी सुरू होते आणि मंडपातली कुजबुज थांबते.

आमच्या भागातल्या एका गुरुजींच्या भाषणाची पोस्ट मी केली होती, तीच घेऊन सांगतो. ऐकता ऐकता हा तुकडा मी हातानं उतरवून घेतला. मोबाईलला ऐकवून टाइप केलं की 'शाया'ची 'शाळा' होते, म्हणून हातानंच.

"तर मंडळी, सांगायचं म्हंजे, दिवाळी झाली का कापूस वेचाले सुरुवात होये. पोट्टे मायबापासंग वावरात. वर्गात चार-पाच डोके. आता काय करावं? पोट्टे शायेत येत नोते, मंग मीच शाया धुऱ्यावर नेली. दुपारी जेवाले बसले का तिथंच पाढे घ्याचो. असं तुमच्या सगळ्यायच्या आशीर्वादानं झालं."

यातलं वाक्य कोणतं ते तुम्हालाही दिसलं असेल. तरी खात्री करायची एक साधी रीत आहे. कार्यक्रमाला नव्हता अशा कोणाला तरी, पानटपरीवर का होईना, तेवढंच वाक्य म्हणून दाखवा. त्यानं "कोन गुरुजी हे?" विचारलं तर वाक्य उभं राहिलं. "म्हंजे काय?" विचारलं तर त्याला भाषणाचा आधार लागतो, दुसरं शोधा. "गावानं मला लेकरासारखं सांभाळलं" हे वाक्यही त्याच भाषणात होतं. त्यावर कोणी काहीच विचारत नाही, कारण ते कोणीही बोलू शकतं.

वाक्य ठरलं की त्याला हात लावायचा नाही. "मुले शाळेत येत नव्हती, म्हणून मीच शाळा बांधावर नेली" असं मी केलं असतं तर ती पंचायत समितीच्या अहवालातली ओळ झाली असती, गुरुजींची राहिली नसती. आधीचं "तर मंडळी" आणि नंतरचे आशीर्वाद काढायला हरकत नाही. कात्री वाक्याच्या बाहेर चालवायची, आत नाही. आतलं काही गाळावंच लागलं तर तीन टिंबं द्या. दोन वेगवेगळ्या जागची वाक्यं मात्र जोडून एक करू नका, ते गुरुजी बोललेलेच नसतात.

मग त्या वाक्याला जेवढा आधार हवा तेवढाच द्यायचा. माझी पोस्ट अशी झाली:

```
*"पोट्टे शायेत येत नोते, मंग मीच शाया धुऱ्यावर नेली."*

(गुरुजींचं पूर्ण नाव), जिल्हा परिषद शाळा, (गाव, तालुका)
सेवापूर्ती समारंभ, (तारीख)

दिवाळीनंतर कापूस वेचणीत वर्ग रिकामा व्हायचा. गुरुजी दुपारी वावरात जायचे आणि जेवणाच्या सुटीत धुऱ्यावर पाढे घ्यायचे. आज मंडपात त्यातले बरेच जण बसले होते.
```

वाक्य सर्वात वर, एकटं. व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर लांबला की घडी पडते आणि बाकीचा "अधिक वाचा"च्या मागं जातो. एसटीची वाट पाहत उभा असलेला माणूस तो उघडत नाही. सुरुवात "आज दिनांक अमुक रोजी मोठ्या उत्साहात" अशी केली तर वाक्य त्या घडीत दडून जातं. नाव, गाव, तारीख पोस्टच्या आतच लिहा. कोणी कॉपी करून दुसऱ्या ग्रुपवर टाकलं की पाठवणाऱ्याचं नाव गळून पडतं, आतला मजकूर तेवढा सोबत जातो. ठळक अक्षरासाठी दोन्ही टोकांना * ही फुली अक्षराला चिकटवून द्या. मधे जागा सुटली किंवा वाक्य दोन ओळींत तोडलं तर अक्षर ठळक होत नाही, फुल्याच दिसतात. हाच मजकूर फेसबुकवर टाकताना फुल्या काढून टाका.

शेवटी "पुढील आयुष्यास हार्दिक शुभेच्छा" मी लिहिलं नाही. त्या शुभेच्छा खाली प्रतिक्रियांत लोक देतातच. पोस्टमध्ये त्यांनी दोन ओळी खाल्ल्या की वाक्याचा जोर जातो.

एका गोष्टीवर मला जास्त वेळ द्यावा लागला. भाषणात सगळ्यात जास्त टाळ्या त्या वाक्याला पडल्याच नव्हत्या. धुऱ्यावर धाकट्या बहिणीला मांडीवर घेऊन पाढे म्हणणारी एक मुलगी होती, आज ती आरोग्यसेविका आहे. गुरुजींनी तिचं नाव घेतलं, तिच्या घरचं कर्जही सांगितलं. मंडपात ते शोभलं, कारण सगळे तिला ओळखत होते. पोस्ट मात्र तालुक्याबाहेर जाते, आणि ती गोष्ट तिच्या घरची आहे. म्हणून ती पूर्ण गाळली. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये कोणाचं आजारपण, कर्ज, घरातला मृत्यू आला असेल, आणि आपल्याकडच्या भाषणांत तो येतोच, तर त्या घराला विचारल्याशिवाय घेऊ नका, नाव न घेताही नको. गावात नाव न घेता कोणाबद्दल आहे ते कळतंच.

आधाराची वाक्यं लिहितानाही जपा. "पालक मुलांना शाळेत पाठवत नसत" असं लिहिलं असतं तर गुरुजींचं कौतुक करता करता अर्ध्या गावाला दोष दिल्यासारखं झालं असतं. गुरुजींनी कोणाला दोष दिला नव्हता, वेचणीला हात लागतात हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून "वर्ग रिकामा व्हायचा" एवढंच. सेवेची वर्षंही त्यांना विचारल्याशिवाय लिहू नका, प्रास्ताविक करणारे तो आकडा अंदाजानं सांगतात.

पोस्ट टाकण्याआधी गुरुजींना वाचून दाखवा, फोनवर चालेल. आमच्या गुरुजींनी ऐकून विचारलं, "वऱ्हाडीतच ठेवता का? सायेब लोकं वाचतीन." मी म्हटलं, "गुरुजी, तुम्ही बोललात तसंच आहे." थोडं थांबून ते म्हणाले, "मंग राहू द्या." त्यांनी "नाही" म्हटलं असतं तर मी दुसरं वाक्य शोधलं असतं, याच वाक्याची प्रमाण भाषा केली नसती.

आणि फोटोवर अक्षरं छापून पाठवायची असतील तर फोटोवर वाक्य आणि नाव एवढंच ठेवा, बाकीचा मजकूर खाली टाइप करा. फोटोतली बारीक अक्षरं चाळिशी ओलांडलेल्या माणसांना नीट वाचता येत नाहीत, आणि गुरुजींचे सगळ्यात जुने विद्यार्थी आता त्याच वयात आले असतील.