बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या आरओचं रिजेक्ट किती कमी करावं?

प्रश्न: बोअरच्या पाण्याचा टीडीएस १४०० आहे, हार्डनेस ५००. आरओतून एक ग्लास पाणी मिळतं तेव्हा चार ग्लास वाया जातं. रिजेक्टच्या पाइपवर छोटा नळ लावून ते कमी केलं तर चालेल का? मेम्ब्रेनला प्रेशर किती हवं?

उत्तर: कमी करता येईल, पण नळाने नको, आणि एकास एकपर्यंत तर अजिबात नको. आरओ दुरुस्तीच्या कामात मी ज्या मेम्ब्रेन लवकर गेलेल्या पाहतो, त्यांतल्या बऱ्याच अशाच आवळलेल्या रिजेक्टमुळे गेलेल्या असतात.

मेम्ब्रेनमधलं प्रेशर एकटा पंप तयार करत नाही. रिजेक्टच्या पाइपमध्ये बसवलेला एफआर, म्हणजे फ्लो रिस्ट्रिक्टर, पाणी अडवतो म्हणून प्रेशर बनतं. त्यामुळे रिजेक्ट आवळलं की प्रेशर वाढतं आणि सुरुवातीला शुद्ध पाणीही थोडं जास्त येतं. इथेच लोक फसतात. रिजेक्टचं काम मेम्ब्रेनवर साठणारे क्षार वाहून नेण्याचं असतं. तो प्रवाह मंदावला की क्षार आतच दाट होत जातात.

तुमच्याच आकड्यांवर पाहू. मिनिटाला १२० मिली शुद्ध आणि ४८० मिली रिजेक्ट येतं असं धरा. एकूण ६०० मिली पाण्यातले जवळजवळ सगळे क्षार ४८० मिलीत उरतात, म्हणजे ते सव्वापट दाट होतात आणि ५०० चा हार्डनेस ६२५ च्या आसपास जातो. नळ आवळून दोन्हीकडे १३० मिली केलंत, तर तोच हार्डनेस १००० होतो. एवढ्या दाट पाण्यातला कॅल्शियम कार्बोनेट मेम्ब्रेनवरच बसायला लागतो. शिवाय टीडीएसच्या दर १०० ला साधारण १ पीएसआय प्रेशर क्षारांच्या ओढीवर मात करण्यातच जातं. १४०० ला १४, पण रिजेक्टच्या टोकाला २७०० झालं की २७. म्हणजे वाढवलेल्या प्रेशरचा काही भाग तिथेच खर्ची पडतो.

तुमच्या पाण्याला मी ३०० मिलीचा एफआर लावेन. शुद्ध पाणी १३० मिली आलं तर हार्डनेस ७१५ च्या आसपास राहील, आणि एका ग्लासमागे चारऐवजी सव्वादोन ग्लास जातील. हार्डनेस ५०० असताना मी याच्या पुढे जात नाही. एफआरवर त्याचा आकडा छापलेला असतो. नळ मात्र चुकून पूर्ण बंद होऊ शकतो किंवा कचरा अडकून आपोआप आवळला जातो, आणि मेम्ब्रेन खराब होईपर्यंत ते लक्षातही येत नाही.

बदलण्याआधी आणि नंतर मोजमाप कराच. टाकीकडे जाणारा शुद्ध पाण्याचा पाइप सोडवा, टीडीएस कंट्रोलर असेल तर बंद ठेवा (तो कच्चं पाणी मिसळत असतो, त्यामुळे मेम्ब्रेनचा खरा टीडीएस कळत नाही). मशीन दहा मिनिटं चालू द्या, मग एक मिनिट दोन्ही पाइपांचं पाणी वेगवेगळ्या मापात धरा. पंप आणि मेम्ब्रेनच्या मध्ये टी लावून प्रेशर गेज बसवता आला तर उत्तम. चालू मशीनवर ७० ते ९० पीएसआय पुरे, १०० च्या वर मी जाऊ देत नाही.

गेज आणि ही दोन मापं एकत्र वाचली की दोष कुठे आहे ते कळतं. प्रेशर कमी आणि रिजेक्ट भरपूर असेल, तर एफआर चुकीचा आहे किंवा मेम्ब्रेन धुण्यासाठी असलेला फ्लशचा व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही. तुमच्या मशीनमध्ये हेच असण्याची शक्यता आधी तपासा, कारण एकास चार हे प्रमाण त्यामुळेही येतं. प्रेशर आणि रिजेक्ट दोन्ही कमी असतील, तर फिल्टर चोक झालेत किंवा पंप थकलाय. प्रेशर चढलेलं आणि रिजेक्ट घटलेलं दिसलं, तर एफआरमध्येच क्षार बसलेत, तो लगेच बदला. प्रेशर आणि रिजेक्ट ठीक, पण शुद्ध पाणी घटत चाललंय, तर मेम्ब्रेन क्षारांनी माखली आहे. थंडीत मात्र घाबरू नका: पाणी गार झालं की दर अंशामागे शुद्ध पाणी साधारण ३ टक्क्यांनी कमी येतं.

एफआर बदलल्यावरचे आकडे लिहून ठेवा आणि दर महिन्याला एकदा मोजा. रिजेक्ट ३०० वरून २५० च्या खाली उतरलं, तर शुद्ध पाणी चांगलं येत असलं तरी एफआर बदलून टाका. मेम्ब्रेनच्या आधी क्षार बसू न देणारं अँटीस्केलंट कार्ट्रिज नसेल तर तेही बसवून घ्या, पण ते आहे म्हणून रिजेक्ट आणखी आवळू नका.