केमोनंतरचा थकवा: झोपून राहावं की चालावं?

प्रश्न: आईची केमो सुरू आहे. दहा तास झोपूनही ती गळून गेलेली असते. तिला झोपू द्यावं की चालायला लावावं?

उत्तर: चालायला लावा, पण थोडं थोडं. साधा थकवा झोपेने उतरतो. हा उतरत नाही, कारण तो केलेल्या कामाचा नसतो. आंघोळ करून केस विंचरेपर्यंतही हात भरून येतात. त्यात दिवसभर पडून राहिलं की स्नायू आणखी सैल पडतात आणि रात्रीची झोपही मोडते. 2017 साली ‘जामा ऑन्कॉलॉजी’ या वैद्यकीय नियतकालिकात 113 चाचण्यांचा एकत्रित अभ्यास आला. त्यात या थकव्यावर व्यायाम आणि समुपदेशन हे थकव्याच्या औषधांपेक्षा सरस ठरले.

सुरुवात घरातल्या घरात, दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटांनी करा. बोलता येईल इतक्याच वेगाने चालू द्या आणि दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवा. केमोनंतरचे पहिले काही दिवस जड जातात, तेव्हा वेळ निम्मी करा. दुपारची झोप अर्ध्या तासापुरतीच ठेवा.

त्याआधी डॉक्टरांना विचारून हिमोग्लोबिन आणि थायरॉइड मात्र तपासून घ्या. तिथे कमतरता असेल तर आधी तिच्यावर उपचार हवा. ताप, धाप, छातीत धडधड किंवा हाडात पसरलेला आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालवू नका.