सेटअपचा खर्च मशीन-तासांवर वाटू नकोस

सेटअपचा खर्च उत्पादनांवर कसा वाटायचा, या तुझ्या प्रश्नाचं उत्तर एका छोट्या मशीन शॉपवरून देतो. नव्या लॉटसाठी मशीन जुळवणाऱ्या सेटअप विभागाचा महिन्याचा खर्च १ लाख रुपये. बुश १०,००० नग, ९०० मशीन-तास. खास ऑर्डरचे फ्लँज ४०० नग, १०० तास. जुन्या पद्धतीने दर तासाला १०० रुपये, म्हणून बुशवर नगामागे ९ रुपये आणि फ्लँजवर २५.

आता शॉप फ्लोअरवर जाऊन सेटअप मोज. बुशचे चार, फ्लँजचे सोळा, कारण फ्लँज पंचवीस-पंचवीसच्या लॉटने निघतात. एक सेटअप ५,००० रुपयांना पडला. बुशवर २ रुपये येतात, फ्लँजवर थेट २००! फ्लँजचं कोटेशन सेटअपचे पंचवीस रुपये धरून दिलं असेल, तर प्रत्येक नगावर १७५ रुपये कमी लावलेत.

एसएपी सॉफ्टवेअरमध्ये यासाठी सेटअपचा वेगळा ॲक्टिव्हिटी टाइप तयार कर, KP26 या ट्रान्झॅक्शनमध्ये त्याचा दर टाक आणि राउटिंगमध्ये सेटअपची वेळ भर. नवखे अडकतात ते पुढे. मटेरियल मास्टरमधला कॉस्टिंग लॉट साइज १,००० राहिला, तर तेच ५,००० रुपये हजार नगांत वाटले जातात आणि फ्लँजवर फक्त ५ रुपये दिसतात. दर लहान ऑर्डरला व्हेरिअन्स, म्हणजे ठरवलेल्या आणि प्रत्यक्ष खर्चातला फरक, एकाच बाजूला येत असेल, तर आधी हाच आकडा तपास.

वीज मात्र मशीन-तासांवरच राहू दे, ती खरंच तासांप्रमाणे जळते.