फसवणुकीबाबत ग्राहकांना न घाबरवता सावध करणारी ओळ

प्रश्न: बँकेच्या पोस्टसाठी ओटीपी फसवणुकीबद्दल साध्या शब्दांत, पण लोक घाबरणार नाहीत अशी ओळ कशी लिहावी?

उत्तर: ‘सावधान! तुमचे खाते क्षणात रिकामे होऊ शकते’ अशी सुरुवात टाळावी, कारण भीती आणि घाई हीच फसवणाऱ्याचीही हत्यारे असतात आणि अशा सुरात लिहिलेला खरा संदेश खोट्या संदेशासारखाच दिसू लागतो. ‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ एवढेही पुरत नाही. फोनवरची व्यक्ती बँकेचीच आहे, असे ग्राहकाला वाटत असते, त्यामुळे ‘कोणालाही’ या शब्दात तो तिला धरतच नाही. म्हणून नेमका तो प्रसंग आणि त्या वेळची एकच कृती लिहावी. माझा मसुदा असा:

‘व्यवहार रद्द करण्यासाठी ओटीपी सांगा, असा फोन आला तर तो बंद करा. ओटीपीने व्यवहार मंजूर होतो. आमचे कर्मचारीही तो कधी विचारत नाहीत. शंका असल्यास कार्डामागील क्रमांकावर आम्हाला फोन करा.’

यातले दुसरे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण त्यातून ग्राहकाला नुसती मनाई न मिळता कारण कळते आणि ओटीपीच्या संदेशातील रक्कम व प्रयोजन वाचण्याकडे त्याचे लक्ष जाते. पोस्टमध्ये लिंक मात्र देऊ नये, कारण अनोळखी लिंक उघडू नका असे आपणच सांगत असतो. फोनचा स्क्रीन दाखवायला लावून केलेली फसवणूक या ओळीत बसत नाही. तिथे ओटीपी तोंडी सांगावाच लागत नाही, म्हणून त्यासाठी वेगळी पोस्ट करावी.