लिंक उघडल्यावर समोरच्याला काय दिसतं?

प्रिय मित्रा,

तुझं लिंक्डइन प्रोफाइल काल सावकाश वाचलं. सर्टिफिकेशनच्या भागात वीसेक नोंदी आहेत. त्यातली एक, AWS Certified Cloud Practitioner, तुला मुलाखतीपर्यंत नेऊ शकते, आणि नेमकी तीच तपासता येत नाही. आधी तिच्याबद्दलच लिहिते.

एक गोष्ट लक्षात घे. त्या भागात जे दिसतं ते तू टाइप केलेलं असतं, लिंक्डइन ते तपासत नाही. कुणीही कुठल्याही परीक्षेचं नाव लिहावं, यादीतून संस्था निवडावी, शेजारी तिचा लोगो आपोआप येतो. त्यामुळे अर्ज चाळताना आम्ही लोगोवर विसंबत नाही. खाली Show credential असं बटण आहे का ते बघतो आणि ते दाबतो. ते आम्हाला परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या किंवा तिने नेमलेल्या सेवेच्या पानावर नेतं का, तिथे तुझं नाव, परीक्षेचं नाव, मिळाल्याची तारीख आणि मुदत दिसते का, एवढंच पाहायचं असतं. सगळं जागेवर असेल तर हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे. नसेल तर कुणी तुला फोन करून विचारत बसत नाही, पुढचा अर्ज उघडतो.

तुझ्या नोंदीतलं बटण दाबलं तर क्रेडलीचं, म्हणजे AWS ज्या सेवेमार्फत डिजिटल बॅज देते तिचं, लॉगिनचं पान आलं. कारण सांगते. बॅज मिळाल्यावर तू तुझ्या खात्यात शिरलास आणि वरच्या पट्टीतला पत्ता उचललास. तो `credly.com/earner/earned/badge/` असा सुरू होतो, म्हणजे बॅजधारकासाठीचं आतलं पान. तुला तो नेहमी नीट उघडतो, कारण तू लॉगिन केलेलं असतंस. बाहेरच्यांसाठी वेगळा पत्ता असतो. बॅज उघडून Share वर गेलास की सार्वजनिक लिंक मिळते, तिच्या शेवटी `public_url` असतं. Credential URL या रकान्यात ती टाक. बॅज खाजगी ठेवलेला नाही ना, तेही बघ. खाजगी असला तर बरोबर लिंकवरूनसुद्धा काही दिसत नाही.

मग इनकॉग्निटो विंडो उघडून तीच लिंक चालवून बघ. घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनवर बघितलीस तर आणखी चांगलं. गूगल ड्राइव्हवर ठेवलेली पीडीएफ बहुतेक याच चाचणीत नापास होते, ‘परवानगी मागा’ असं पान येतं. आणि परवानगी खुली असली तरी ती फाइल तूच चढवलेली आहे. ती खरी आहे हे सांगणारं तिथे दुसरं कुणी नसतं.

बॅजचं चित्र प्रोफाइलच्या बॅनरवर लावलं आहेस, त्याचंही तसंच. ओपन बॅजेस या मानकाची सुरुवात मोझिलाने 2011 साली केली, आता ते 1EdTech ही संस्था सांभाळते. या मानकात बॅज कुणी दिला, कशासाठी दिला, कुणाला दिला ही माहिती चित्राच्या फाइलमध्येच भरता येते. पण स्क्रीनशॉट काढला की उरतं ते फक्त चित्र, आतली माहिती जाते. हौस म्हणून ते बॅनरवर राहू दे, पुरावा मात्र लिंकचाच धरला जातो.

आता नावाचं बघू. आपल्याकडे याचा फार घोळ होतो. बोर्डाच्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. परीक्षेच्या नोंदणीत कुणी नुसतं नाव-आडनाव लिहितं, कुणी आद्याक्षरं. लिंक्डइनवर तर घरी हाक मारतात ते नावही सापडतं. लिंक उघडणाऱ्याला दोन नावं दिसली की हा माणूस तोच कशावरून, हा प्रश्न उभा राहतो, आणि तो रास्त आहे. सारख्या नावाच्या दुसऱ्याची लिंक चिकटवणारे लोक खरोखर असतात. म्हणून प्रोफाइलवरचं आणि परीक्षेच्या खात्यातलं नाव एक ठेव. लग्नानंतर आडनाव बदलणाऱ्या मुलींना मी सांगते की लिंक्डइनवर आधीचं आडनावही दिसू दे.

मुदतीचा रकाना तू रिकामा सोडला आहेस. AWS चं सर्टिफिकेशन 3 वर्षं चालतं. मायक्रोसॉफ्टची भूमिकेनुसार असलेली सर्टिफिकेशन्स वर्षभरच वैध असतात. मुदत संपायच्या सहा महिने आधीपासून Microsoft Learn वर ऑनलाइन परीक्षा देऊन ती फुकटात वाढवता येतात. बॅजच्या पानावर मुदत लिहिलेली असतेच. तिथे ‘संपली’ आणि तुझ्या प्रोफाइलवर काहीच नाही, असं दिसलं की लपवाछपवीचा संशय येतो. मुदत संपलेलं सर्टिफिकेशन तारखांसकट लिहायला काहीच हरकत नाही.

उरलेल्या नोंदींतल्या बहुतेक काढून टाक असं माझं स्पष्ट मत आहे. व्हिडिओ बघून संपवलेल्या कोर्सचा बॅज आणि परीक्षा देऊन मिळवलेलं सर्टिफिकेशन प्रोफाइलवर सारखेच दिसतात, पण क्रेडलीच्या पानावर बॅज कशासाठी दिला ते लिहिलेलं असतं आणि तिथे फरक लगेच कळतो. चार लिंक उघडून चारही ‘कोर्स पूर्ण केला’ निघाल्या, तर पाचवी कुणी उघडत नाही. तुझी खरी परीक्षा पाचवी असेल तर ती वायाच गेली.

एनपीटीईएलची नोंद मात्र ठेव. केंद्रावर जाऊन, देखरेखीखाली दिलेली परीक्षा आहे ती. तू तिथे पीडीएफ जोडली आहेस, लिंक नाही. सर्टिफिकेटवरचा क्यूआर कोड फोनने स्कॅन कर, जे पान उघडेल त्याचा पत्ता Credential URL मध्ये टाक. रिझ्युमेतही हेच कर, आणि लिंक नुसती ‘इथे क्लिक करा’ या शब्दांमागे दडवू नकोस. पुष्कळदा रिझ्युमेचं प्रिंट काढलं जातं, मग तिथे काहीच उरत नाही. AWS च्या सर्टिफिकेटवर पडताळणीचा क्रमांक असतो, तो परीक्षेच्या नावापुढे छापलास तर कागदावरूनही तपासता येतं.

मार्कशीट आणि पदवीचं प्रमाणपत्र प्रोफाइलवर टाकू नकोस. त्यावर आईचं नाव, बैठक क्रमांक, असं बरंच काही असतं. कंपनीने मागितलं तर डिजिलॉकरमधून दे, पण Issued documents मधलंच. तिथे संबंधित संस्थेने थेट दिलेली कागदपत्रं असतात आणि 2016 च्या नियमांनुसार ती मूळ प्रतीच्या बरोबरीची मानली जातात. आपण स्वतः स्कॅन करून चढवलेल्या कागदाला ते लागू होत नाही.

आणि एक काम याच आठवड्यात उरक. तुझा क्रेडलीचा बॅज कॉलेजच्या ईमेलवर आलेला आहे. निकालानंतर तो ईमेल बंद झाला की पासवर्ड बदलायचा मेलसुद्धा तिथेच जाईल आणि खातं हातातून जाईल. आत्ता लॉगिन होतंय तोवर सेटिंग्जमध्ये स्वतःचा ईमेल जोड, त्यावर आलेल्या मेलमधून खात्री करून दे आणि तोच मुख्य ठेव. झालं की सार्वजनिक लिंक मला पाठव, माझ्या फोनवर उघडते का बघते.

तुझी,
ताई