पगाराला बाजूला काढलेले पैसे वीस तारखेला परत का येतात

"ताई, पगार झाला की लगेच आठ हजार दुसऱ्या खात्यात टाकतो, आणि वीस तारखेच्या आसपास त्यातलेच परत काढतो. आधी बचत आणि मग खर्च, हे आमच्यासारख्यांना जमतच नाही का?"

इंदूरला लोकमान्य नगरात राहणारं जोडपं, तो पीथमपूरच्या कारखान्यात, ती घर आणि मुलाची शाळा सांभाळते. हातात येणारा पगार बेचाळीस हजार. अशी तक्रार घेऊन येणारे इतके लोक मी बघितलेत की आता मी पहिल्या भेटीत उपदेश करतच नाही, सरळ सांगते की पुढच्या वेळी दोन्ही खात्यांचं वर्षभराचं स्टेटमेंट घेऊन या, छापलेलं, मोबाइलवर नको.

दोघं स्टेटमेंट घेऊन आले तेव्हा त्याची तयारी आधीच झालेली होती, तो म्हणाला, "ताई मला माहितीये तुम्ही काय म्हणणार, सराफ्यातलं खाणं बंद करा, ऑनलाइन मागवणं बंद करा." मी म्हटलं, आपण काहीच बंद करत नाही, फक्त मला पेनने गोल करून द्या, दुसऱ्या खात्यातून पैसे कुठल्या तारखेला परत आले आणि त्याच्या पुढच्या दोन-तीन दिवसांत पगाराच्या खात्यातून कुठे गेले.

इथे मी गप्प बसते, कारण माझा ठाम विश्वास आहे की माणसाला त्याच्याच आकड्यांनी सांगितलेलं पटतं, आपण सांगितलेलं नाही. ती गोल करत गेली आणि तो वाचत गेला. जानेवारी, शाळेची फी नऊ हजार. मार्च, विम्याचा हप्ता. मे, नागपूरला माहेरी जाण्याची तिकिटं आणि तिथला खर्च. जून, परत फी. ऑगस्ट, गाडीचा इन्शुरन्स आणि सर्व्हिसिंग. सप्टेंबर, तिसरी फी. मग दिवाळी. बाकीच्या महिन्यांत पैसे परत आलेले होते खरे, पण दोन-तीनशे, फार तर हजार.

ती पेन खाली ठेवून म्हणाली, "अहो, म्हणजे आपण उधळत नव्हतो. हे तर दर वर्षी येणारच होतं."

त्याने परत सगळी पानं उलटून बघितली. मला त्या क्षणाचं महत्त्व शब्दांत नीट सांगता येणार नाही, पण कितीतरी महिने हा माणूस स्वतःला बेशिस्त समजत होता, बायको त्याला आणि तो तिला मनातल्या मनात दोष देत होता, आणि प्रश्न शिस्तीचा नव्हताच. वर्षाचे खर्च महिन्याच्या हिशोबात धरलेलेच नव्हते, आणि ते यायचे तेव्हा नेमके बचतीतून भरले जायचे. पगाराला काढून ठेवणं अगदी बरोबर होतं, पण त्या एकाच खात्यात दोन वेगळ्या कामांचे पैसे एकत्र पडलेले होते.

मग आम्ही कागदावर बेरीज केली. तीन फी मिळून सत्तावीस हजार, विमा अठरा हजार सहाशे, गाडी पाच हजार चारशे, दिवाळीचे कपडे-फराळ-देणंघेणं पंधरा हजार, नागपूर सहा हजार. एकूण बहात्तर हजार, म्हणजे महिन्याला सहा हजार. आता बघा, ते आधीपासून बाजूला काढत होते आठ हजार. यातले सहा हजार हे मुळात बचत नव्हतेच, उद्याच्या ठरलेल्या खर्चाची तयारी होती. खरी बचत दोन हजार. आकडा लहान वाटला म्हणून त्याचा चेहरा जरा पडला, पण मी त्याला सांगितलं की आजवर जे उरायचं त्याला कधीही हात लागायचा, आता वर्षाच्या शेवटी चोवीस हजार उरतील आणि त्यांना कुणी हात लावणार नाही.

म्हणून आम्ही दोन वेगळ्या सूचना लावल्या. सहा हजारांची स्टँडिंग इन्स्ट्रक्शन, पगाराच्या खात्यातून दुसऱ्या बचत खात्यात, आणि ते खातं यूपीआयला जोडायचं नाही, त्याचं कार्ड पाकिटात ठेवायचं नाही. या खात्यातून वर्षाच्या यादीतला खर्चच काढायचा, त्यामुळे मार्चमध्ये विमा भरायला पैसे काढले तर कुणी चुकलं असं नाही, ते खातं त्यासाठीच आहे. दोन हजारांची एक आवर्ती ठेव, म्हणजे आरडी, त्याच बँकेत, जिचा हप्ता पगाराच्या खात्यातून आपोआप कापला जातो. आरडी मध्येच मोडता येते पण व्याज कमी मिळतं, आणि हाच जरासा अडसर मला हवा असतो. मला लोक म्हणतात की माणसाच्या इच्छाशक्तीवर विश्वास ठेवा, मी ठेवतेच, पण महिन्यातून तीस वेळा परीक्षा घेण्यापेक्षा एकदाच निर्णय घेऊन त्याला कामाला लावलेलं मला जास्त बरं वाटतं.

तारखेवर मात्र आमचा बराच वेळ गेला, आणि जाणं योग्यच होतं, कारण बहुतेकांची गाडी इथेच अडते. तो म्हणाला पगार सात तारखेला होतो, सातचीच लावू. स्टेटमेंट बघितलं तर सातला रविवार आला की पगार कधी पाचला, कधी आठला, आणि एकदा तर नऊला जमा झालेला. सूचना सातची असती तर त्या महिन्यांत खात्यात पैसेच नसते. स्टँडिंग इन्स्ट्रक्शन असेल तर ट्रान्सफर होत नाही आणि आपल्या लक्षातही येत नाही, आरडी असेल तर हप्ता चुकतो आणि दंड लागू शकतो, आणि म्युच्युअल फंडाच्या एसआयपीसारखा मँडेट, म्हणजे खात्यातून पैसे कापून घ्यायची आधीच दिलेली परवानगी, असेल तर परत गेल्याबद्दल बँक चार्ज कापते. त्यात 1 ऑगस्ट 2021 पासून मँडेटची वसुली रविवारी आणि सुट्टीलाही होते, त्यामुळे सुट्टी आहे म्हणून कापणार नाहीत या भरवशावर राहू नका. म्हणून नियम सोपा ठेवला, वर्षभरातला सगळ्यात उशिराचा पगार बघायचा आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीची तारीख लावायची. आम्ही दहा तारीख लावली. आणि एसआयपी आत्ता नको, आधी सहा महिने हे दोन्ही न अडखळता चालू दे, असं मी सांगितलं.

तिने मग विचारलं, "पण ताई, सात ते दहामध्येच सगळं खर्च झालं तर?" प्रश्न बरोबर होता. त्याचा उपाय असा की त्या तीन दिवसांत घरभाडं, किराणा, वीजबिल, दूधवाला असे लागणारे खर्च जाऊ द्यायचे, पण आठ हजार खात्यात राहिलेच पाहिजेत हे त्यांनी मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये नवव्या तारखेला लिहून ठेवलं.

अजून एक अडचण आकडे मांडल्यावर दिसली. ते माझ्याकडे दिवाळीनंतर आलेले, पहिली सूचना डिसेंबरची. जानेवारीच्या फीपर्यंत बारा हजार जमा होतात, फी जाऊन तीन हजार उरतात, मार्चपर्यंत अजून दोन हप्ते, म्हणजे पंधरा हजार, आणि विमा अठरा हजार सहाशे. छत्तीसशे कमी. हे आधी दिसलं नसतं तर मार्चमध्ये परत आरडी मोडावीशी वाटली असती आणि दोघांनी ठरवून टाकलं असतं की आपल्याला जमत नाही. दिवाळीच्या बोनसमधले थोडे पैसे शिल्लक होते, त्यातले चार हजार सुरुवातीलाच या खात्यात टाकले, झालं. तुमच्याकडे असं काही नसेल तर पहिल्या तीन-चार महिन्यांसाठी खरी बचत पाचशेवर आणा आणि उरलेले वर्षाच्या खात्यात जाऊ द्या, नंतर परत दोन हजार करा. मात्र साध्या आरडीचा हप्ता ठरलेला असतो, तो असा कमी-जास्त करता येत नाही, म्हणून अशा वेळी आरडी पाचशेचीच उघडा आणि पुढे दुसरी वेगळी उघडा.

आता हे सगळ्यांना लागू आहे का? नाही. क्रेडिट कार्डची थकबाकी दर महिन्याला पुढे ढकलत असाल तर हे आत्ता करू नका. कार्डाचं व्याज महिन्याला तीन टक्क्यांच्या आसपास जातं, आरडीचं वर्षाला सहा-सातच्या घरात, म्हणजे एका हाताने कमावून दुसऱ्या हाताने त्याच्या कितीतरी पट देताय. तेव्हा पगारानंतरची पहिली सूचना कार्डाच्या पूर्ण थकबाकीची लावा, ती संपली की मग हे. आणि ज्यांची कमाई ठरलेली नाही, दुकान, ट्यूशन, कमिशनवर काम, त्यांना ठरलेल्या तारखेचा उपयोग नाही, त्यांनी पैसे येतील तसा ठरावीक टक्का त्याच दिवशी वेगळा काढावा.

आकडा बरोबर निवडला की नाही हे कळायची खूण मी या जोडप्याला दिली ती अशी. आरडीला किंवा खऱ्या बचतीला हात लागला, तो सलग दोन महिने लागला, तर आकडा मोठा आहे, कमी करा, लाज वाटू देऊ नका. वर्षाच्या खात्यातून यादीबाहेरचा खर्च काढला, तर यादी अपुरी आहे, तो खर्च यादीत घाला आणि बारा ने भागा. तिच्या बाबतीत तेच झालं. फेब्रुवारीत नणंदेच्या मुलाचं लग्न आलं, पाच हजार निघाले, आणि घरात भांडण होण्याऐवजी तिने वहीत "लग्नं-मुंजी" अशी नवी ओळ लिहिली, सहा हजारांच्या जागी साडेसहा हजार केले, खरी बचत तात्पुरती दीड हजारावर आणली. दीड हजाराची आरडी नवी उघडली, जुनी बंद करून तिचे पैसे मार्चच्या विम्यासाठी वर्षाच्या खात्यात टाकले. मला हे फोनवर सांगताना तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिने निर्णय घेतला होता, आणि माझ्या कामात मला याहून मोठं काही लागत नाही.

पुढची गोष्ट मी एप्रिलसाठी राखून ठेवली होती. शिकागोचे अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर आणि लॉस एंजेलिसचे श्लोमो बेनार्त्झी यांनी 2004 मध्ये एक अभ्यास छापला, त्यात नोकरदारांनी आधीच कबूल करायचं की पुढे पगार वाढला की त्यातला काही भाग बचतीत आपोआप जाईल. चाळीस महिन्यांत त्या लोकांची बचत पगाराच्या साडेतीन टक्क्यांवरून तेरा पूर्णांक सहा टक्क्यांवर गेली. मला हे फार पटतं कारण त्यात हातातला पगार कधीच कमी होत नाही, म्हणून काही गेल्याचं दुःखही होत नाही. त्याला इन्क्रिमेंटचं पत्र मिळालं, हातात अडीच हजार वाढले, आणि वाढीव पगार पहिल्यांदा खात्यात जमा होण्याआधीच त्याने बँकेत जाऊन हजाराची दुसरी आरडी दहा तारखेला लावून टाकली. उरलेले पंधराशे घरात आले आणि ती म्हणाली की किराण्याला थोडी सवड मिळाली.

आता त्यांनी दोन्ही आरडी, दोन्ही खाती आणि नॉमिनीचं नाव एका कागदावर लिहून फ्रीजला लावलंय, आणि दर मार्चला यादी नव्याने करायची ठरवलीय, शाळेची फी वाढते म्हणून.