दहा मिनिटांच्या ब्रेकमध्ये गाणी ऐकावीत, पण ती डोक्यात अडकू नयेत म्हणून काय करावं?

«लातूरला अभ्यासिकेत बसते, नीटची तयारी चालू आहे. दोन तास बसलं की दहा मिनिटं ब्रेक घेते नि गाणी ऐकते. तेवढ्यापुरतं फ्रेश वाटतं, पण परत बसले की तेच गाणं डोक्यात फिरत राहतं. छोटी, जोश येईल अशी कोणती गाणी ऐकू?»

गाणं कोणतं यापेक्षा ते कुठे संपतं आणि संपल्यावर तुम्ही काय करता, याकडे मी आधी बघेन. डोक्यात अडकतं ते बहुतेक वेळा अर्धवट तोडलेलं गाणं, नाहीतर दिवसातून चार वेळा वाजवलेलं. ब्रेक संपला म्हणून मधेच इयरफोन काढला, की मन ती ओळ पुरी करायला बघतं. ओळीत शब्द असतात आणि जीवशास्त्राच्या पानावरही शब्दच. वाचलेलं आपण मनातल्या मनात उच्चारून धरून ठेवतो. तिथेच गाण्याचे शब्द घुसले, की एकच परिच्छेद तीनदा वाचावा लागतो.

म्हणून दहा मिनिटांत गाण्याला सहाच द्या. पहिलं मिनिट गाण्याविना: उठण्याआधी पुढे नेमकं काय करायचं ते चिठ्ठीवर लिहा, म्हणजे ‘मूत्रपिंड, आकृतीपासून पुढे, प्रश्न 14’ एवढं. मग पाणी प्या. त्यानंतर तीन-तीन मिनिटांची दोन गाणी, पुरती, शेवटपर्यंत. उरलेली तीन मिनिटं कानात काहीही नको. तोंडावर पाणी मारा, जागेवर या, चिठ्ठी वाचा. ही शेवटची तीन मिनिटं बहुतेक जण एका जादा गाण्यात घालवतात आणि मग तेच गाणं पानावर येऊन बसतं.

निवडताना आधी लय मोजा. गाणं लावा आणि पाय आपोआप ज्या ठेक्यावर पडतो तो 15 सेकंद मोजून चारने गुणा. मिनिटाला 120 ते 130 आलं तर झपझप चालण्याचा वेग मिळतो आणि जिना चढ-उतार त्याच्यावर छान जमते. आळस घालवायचं निम्मं काम तुमचे पायच करतात, खुर्चीत बसून ऐकलं तर उपयोग अर्धाच. हलगी किंवा संबळ असेल तर बारीक ठोके मोजू नका, आकडा दुप्पट येईल.

आपल्याकडचं वाद्यसंगीत या कामाला फार चांगलं आहे. हलगी, संबळ, ढोलकी, लेझीमचा ताल यांत अंगात चाल येते आणि मागे शब्द राहत नाहीत. त्यातही तिहाईवर संपणारा तुकडा शोधा. एकच बोल तीनदा येऊन समेवर आदळला, की ‘झालं’ हे कानाला कळतं. हळूहळू आवाज विरत जाणारी रेकॉर्डिंग टाळा, त्यांना शेवटच नसतो. पोवाडा कितीही आवडत असला तरी या दहा मिनिटांसाठी नको. त्यात गोष्ट चालू असते, आणि ती मधे सोडून उठलं तर मन तिच्यामागेच जातं. गोंधळाचंही तसंच: सुरुवात संथ, रंग चढेपर्यंत तुमचा ब्रेक संपलेला. शब्द असलेलं गाणं ऐकायचंच असेल तर ते गणितं सोडवायच्या बैठकीआधी ठेवा, वाचनाच्या आधी नको.

अशी आठ-दहा गाणी फोनमध्ये उतरवून ठेवा. इंटरनेट बंद, ऑटोप्ले बंद. यादीत दोनच गाण्यांची जोडी करा, म्हणजे गाणी लावल्यापासून सहा मिनिटांत आपोआप शांतता होते, वेगळा गजर लागत नाही. एक जोडी दिवसातून एकदाच. संध्याकाळी चार ते सहा जीवशास्त्र असेल, तर सहाच्या ब्रेकला हलगी 2:50 आणि ढोलकी 3:05, मिळून 5:55. सहा वाजून सात मिनिटांना कान मोकळे, दहाला पेन हातात. एप्रिल-मेच्या दुपारी गच्चीवर जाऊ नका, उन्हाने आलेली मरगळ गाण्याने जात नाही. सावलीतला जिनाच बरा.

तरीही एखादी ओळ अडकलीच, तर ती दाबू नका, दाबली की जास्त येते. पुढच्या ब्रेकमध्ये ते गाणं एकदा शेवटपर्यंत ऐका. तोवर चुइंगम चघळा: इंग्लंडच्या रेडिंग विद्यापीठाच्या 2015च्या प्रयोगांत चघळणाऱ्यांना गाणं कमी वेळा आठवलं, कारण जबडा गुंतला की मनातलं गुणगुणणं अवघड होतं. अभ्यासिकेत चुइंगम चालत नसेल तर पहिले पाच प्रश्न ओठ हलवत पुटपुटत वाचा.

रात्रीच्या शेवटच्या बैठकीनंतर मात्र ही यादी लावू नका. ती उठवण्यासाठी आहे आणि तुम्हाला तेव्हा झोपायचं असतं.